पीक सुधरंना, कोणतं औषध मारू?

रानवाटा
नमस्कार मंडळी. मी इथं नवीन आहे. माझं पीक बरोबर नाही. शेजाऱ्याचं चांगलं आहे, माझंच असं का ते कळंना. आज दुकानात गेलो होतो. त्यांनी चार वस्तू काढून ठेवल्या, ३,४०० रुपये होतात म्हणाले. तेवढे पैसे खिशात नव्हते म्हणून परत आलो, उद्या आणणार आहे. त्याआधी तुम्हाला विचारतो, कोणतं औषध मारलं म्हणजे पीक सुधरंल? लवकर सांगा.

शेतकरी_पुत्र
दादा, १९:१९:१९ हे विद्राव्य खत घ्या, पंपाला शंभर ग्रॅम. सोबत एखादं चांगलं कीटकनाशक. आठ दिवसांत फरक दिसतो. मी दरवर्षी मारतो.

काळी_माती
रानवाटा, उद्याची खरेदी दोन दिवस थांबवा. पीक कोणतं, पेरणी कधीची, जमीन कशी आणि 'बरोबर नाही' म्हणजे नक्की काय दिसतं, हे सांगा. जिल्हा आणि तालुकाही सांगा, म्हणजे पाऊस किती झाला याचा अंदाज येईल. सत्तावीस वर्षं कृषी खात्यात गावोगाव फिरलो. रोप न बघता औषध सांगायची वेळ अनेकदा आली आणि त्यात चुकलोही आहे. म्हणून विचारतो, राग मानू नका.

गच्चीबाग_ठाणे
माझ्याकडेही हाच त्रास आहे! टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. बारा इंची कुंडी आहे, ऊन चार तास येतं. ते १९:१९:१९ कुंडीला किती घालायचं?

पाटलीणबाई
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे हो. त्यांचं शेत आहे. पण एक सांगते, तुम्ही कुंडी किती इंची, ऊन किती तास, दिसतं काय, सगळं लिहिलंत. दादांनी तेवढं लिहिलं असतं तर आत्तापर्यंत उत्तर मिळालं असतं. टोमॅटोचा वेगळा धागा काढा, तिथं सांगते. चार तास ऊन कमी पडतंय.

डाळिंबवाला
मागच्या वर्षी माझ्या बागेत तेल्या रोग आला तेव्हा मीही असाच विचारत फिरलो. ज्याला विचारावं त्याने वेगळं नाव सांगितलं. सहा फवारण्या झाल्या आणि फळं पिकअपमधून नेऊन खड्ड्यात टाकली. डाळिंब असेल तर आधी छाटणीकडे बघा. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना निर्जंतुक करताय का?

रानवाटा
डाळिंब नाही हो. मी साधं विचारलं की कोणतं औषध मारू. एवढे प्रश्न विचारता, मग दुकानदार बरा. त्याने काहीच विचारलं नाही, लगेच दिलं.

काळी_माती
तुमची घाई समजते. पीक डोळ्यासमोर खराब होताना थांबवत नाही. पण एक प्रसंग ऐका.

२०११ सालची गोष्ट असेल. एकाच दिवशी, एकाच गावातले दोघे जण आले. दोघांचं सोयाबीन, दोघांच्या शेताला मधे एकच बांध. दोघेही म्हणाले, "साहेब, पिवळं पडलं." मी दोघांना एकच उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण रस्ता तिकडूनच होता म्हणून गेलो. पहिल्याच्या शेतात शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या होत्या. दुसऱ्याच्या शेतात मधलीच दोन-चार झाडं पिवळी पडून मान टाकत होती. त्यातलं एक उपटून खोड ब्लेडने उभं चिरलं, तर आत लालसर तपकिरी नागमोडी बोगदा आणि त्यात अळी. ती खोडमाशी. पहिल्याला कीटकनाशकाने काहीच उपयोग झाला नसता, दुसऱ्याला लोह देणाऱ्या हिराकसाने काहीच झालं नसतं. आणि तोंडातून निघालेला शब्द दोघांचा एकच होता.

म्हणून दुकानदाराने न विचारता दिलं ही गोष्ट तुमच्या फायद्याची नाही.

कृषीकेंद्र_चालक
काळी_माती सर, माझं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. दुकानदाराला नेहमी दोष दिला जातो, म्हणून आमची बाजूही सांगतो. जुलै-ऑगस्टात सकाळी सात ते रात्री नऊ गर्दी असते. शंभरातले बरेच जण येऊन एवढंच म्हणतात, "चांगलं औषध द्या." मी विचारलं, "पीक कोणतं?" तर म्हणतात, "तुम्हाला काय करायचंय, चांगलं द्या, शेजारच्याला दिलं तेच द्या." रोप पिशवीत घेऊन येणारा आठवड्यातून एखादा. मी परत पाठवला तर पुढच्या दुकानात जातो. मग कीड, रोग आणि टॉनिक तिन्हीचं एकत्र दिलं जातं. काहीतरी लागू पडेल या हिशेबाने. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. होतं कसं ते सांगतोय.

पाटलीणबाई
खरं बोललात भाऊ. पण ते ३,४०० रुपये त्या माणसाच्या घरातून जातात. मुलीच्या फीइतके पैसे आहेत ते.

कृषीकेंद्र_चालक
मान्य आहे ताई. म्हणून मी आता टेबलावर एक वही ठेवलीय. पीक, पेरणीची तारीख, आधी काय मारलं, एवढंच लिहितो. तेवढ्यानेच निम्म्या लोकांना रोप आणायची आठवण होते.

रानवाटा
रागाने बोललो, माफ करा. पीक सोयाबीन आहे. जमीन काळी. वसमत तालुका, जिल्हा हिंगोली. पिवळं पडलंय. आता सांगा.

वैनगंगा_काठची
सोयाबीन पिवळं म्हणजे यलो मोझॅक! आमच्या चंद्रपूर भागात २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेतंच्या शेतं पिवळी झाली, शेंगा भरल्याच नाहीत. काहींनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला. दादा, पिवळी झाडं आजच उपटून लांब नेऊन पुरा आणि पांढऱ्या माशीचं औषध मारा. उशीर करू नका, मी भोगलंय म्हणून सांगते.

शेतकरी_पुत्र
मी तर म्हणतो नत्र कमी पडलंय. पाऊस जास्त झाला की नत्र वाहून जातं. युरिया टाका एकरी एक पोतं, काळंभोर होतं की नाही बघा.

तूर_आणि_कापूस
आणि मी म्हणतो तणनाशकाचा शॉक. वीस-बावीस दिवसांनी इमॅझेथापायर मारलं की आठ-दहा दिवस पिवळं दिसतंच. नंतर आपोआप सुधरतं. काहीच करू नका.

काळी_माती
बघा, आता तिघांनी तीन कारणं सांगितली आणि यातलं एकही अशक्य नाही. वैनगंगा_काठचीताईंनी सांगितलेला रोग खरा आहे आणि तो झाला तर झाडाला बरं करणारं औषध नाही, फक्त पसरणं कमी करता येतं. पण तो नसेल आणि दादांनी ताईंचं ऐकून झाडं उपटली, तर चांगलं पीक हाताने गेलं. म्हणून रानवाटा, आता मी सांगतो तेवढ्याच गोष्टी शेतात जाऊन बघा.

पहिली, पिवळं पान कोणतं? खालचं जुनं की शेंड्याचं नवं? दुसरी, त्या पानात शिरा हिरव्या आहेत का, की सगळं पान सारखं पिवळं आहे, की हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे आहेत? तिसरी, बांधावर उभं राहून बघितलं तर पिवळेपणा कुठे आहे? रानभर इकडेतिकडे एकेक झाड, की एका भागात पट्टाच? आणि तो पट्टा पाणी साचणारा आहे का? चौथी, एक झाड खुरप्याने माती ढिली करून मुळासकट काढा. ओढू नका, मुळावरच्या गाठी मातीत तुटून राहतात. गाठ नखाने फोडा आणि आतला रंग बघा.

आणि पेरणी, खत, फवारणी काय-काय झालं तेही लिहा.

मातीपरीक्षण_हवं
पाचवी मी जोडतो. शेतात पांढरे खडे दिसतात का? आणि मूठभर वाळलेल्या मातीवर लिंबू पिळून बघा. फसफसलं तर चुना आहे. प्रयोगशाळेत आम्लाने बघतात, पण घरी लिंबावरही अंदाज येतो.

शेतकरी_पुत्र
लिंबाने? माती काय सरबत प्यायची आहे का! (गंमत करतोय, रागावू नका.)

मातीपरीक्षण_हवं
पिऊ दे, स्वस्तात उत्तर मिळतंय! एकच अट. माती वाळलेली हवी. ओल्या मातीत फसफस कळत नाही. आणि फसफसलं नाही म्हणून चुना नाहीच असं समजू नका, लिंबाचं आम्ल सौम्य असतं.

रानवाटा
मी त्यांची मुलगी लिहितेय. बाबांना एवढं टाईप करायला जमत नाही, ते बोलून सांगतात आणि मी लिहिते. दोघांनी सकाळी जाऊन बघितलं. लांब होतंय, पण सगळं सांगते.

पेरणी २८ जूनला झाली. आज ४ ऑगस्ट, म्हणजे सदतीस दिवस झाले. तीन एकर आहे. वाण एमएयूएस ७१, बियाणं घरचंच. बाबांनी पेरताना एकरी एक पोतं डीएपी दिलं. वीस दिवसांनी तणनाशक मारलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी सगळं हिरवं दिसावं म्हणून एकरी अर्धं पोतं युरिया टाकला. नंतर २५ जुलैपासून सहा दिवस पाऊस थांबलाच नाही. पाऊस उघडला त्याच्या तिसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसला.

खालची पानं हिरवी आहेत. पिवळी शेंड्याची आहेत आणि त्यांच्या शिरा हिरव्या आहेत, जाळीसारख्या दिसतात. एकदम शेंड्याचं पान काही झाडांचं पांढरं पडल्यासारखं झालंय. वरच्या एका एकरात कमी आहे. खालच्या दोन एकरांत जास्त, आणि सगळ्यात खाली नाल्याकडे चार-पाच गुंठ्यांत झाडं बुटकी राहिली आहेत. तिथं पाणी साचलं होतं.

गाठी आहेत. वरच्या भागात फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या. नाल्याकडच्या भागात कमी आहेत आणि काही मऊ, करड्या. खोड चिरलं, आत बोगदा दिसला नाही, पण मी दोनच झाडं चिरली. पांढरे खडे तर आमच्या शेतात खूप आहेत, लहानपणी आम्ही ते वेचून पाटीवर रेघा ओढायचो. लिंबू पिळलं. खालच्या मातीवर स्पष्ट फसफस झाली.

काळी_माती
बेटा, हे असं बघणारे लोक शेतावर हवेत. मला वाटतं तुमचं उत्तर तूच लिहिलं आहेस.

शेंड्याचं पान पिवळं, शिरा हिरव्या, चुनखडीची काळी जमीन, सहा दिवस पाणी. हे लोह कमी पडल्याचं दिसतंय. जमिनीत लोह नाही असं नाही. काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे ते झाडाला घेता येत नाही. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि मातीत कोंडलेल्या वायूचा चुन्याशी संयोग होऊन असा क्षार वाढतो की मूळ लोह उचलतच नाही. लोह जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. म्हणून वरचं उपाशी राहतं आणि खालचं हिरवं राहतं. नत्र कमी असतं तर उलटं झालं असतं. खालची पानं आधी पिवळी पडली असती आणि शिरांसकट सगळं पान फिकं झालं असतं.

शेतकरी_पुत्र
म्हणजे माझा युरिया चुकला?

काळी_माती
इथं चुकला असता. गाठी गुलाबी आहेत म्हणजे त्या हवेतला नत्र बांधतायत. वर युरिया टाकला की झाड आयता नत्र घेतं आणि गाठींचं काम मंदावतं. दादांनी बावीसाव्या दिवशी टाकलाच आहे, आता अजून नको. तुमचं १९:१९:१९ मात्र पूर्ण चुकीचं नाही. पाणी साचून मुळं दमली असतील तर फवारणीतून थोडं अन्न देणं उपयोगी पडतं. पण ते लोहाची जागा घेत नाही.

तूर_आणि_कापूस, तुमचा तणनाशकाचा मुद्दाही बाजूला टाकता येत नाही. तणनाशक मारून सतरा दिवस झाले आहेत. एव्हाना तो पिवळेपणा जायला हवा होता, शिवाय तो फवारलेल्या सगळ्या रानात सारखा दिसला असता. इथं तो खालच्या भागात जास्त आहे. म्हणून मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

वैनगंगा_काठची
सर, पण मोझॅक नाही हे तुम्ही शेत न बघता कसं सांगता? आमच्याकडेही सुरुवात शेंड्यापासूनच झाली होती.

काळी_माती
योग्य प्रश्न. शंभर टक्के सांगत नाही. मोझॅकमध्ये पिवळे ठिपके शिरा-बिरा पाहत नाहीत, कुठेही चट्टा पडतो, हिरवं-पिवळं असं वेडंवाकडं होतं. आणि सुरुवातीला तो रानभर तुरळक झाडांवर असतो, कारण तो पसरवणारी पांढरी माशी जिथं बसेल तिथं. इथं पिवळेपणा उताराप्रमाणे वाढत गेलाय. माशी उतार बघून बसत नाही. तरी खात्री करायची आहे, आणि त्यासाठी फवारणीच्याही आधी एक सोपी परीक्षा आहे.

अर्धा लिटर पाण्यात अडीच ग्रॅम हिराकस विरघळवा. कापसाच्या बोळ्याने पाच-सहा पिवळ्या पानांना एका बाजूलाच लावा, मधल्या शिरेच्या डावीकडे. त्या झाडांना चिंधी बांधा. चार-पाच दिवसांनी बघा. लावलेली बाजू हिरवी होऊ लागली तर लोहच. काहीच झालं नाही तर मी चुकलो, आणि तुमचे फवारणीचे पैसे वाचले.

मातीपरीक्षण_हवं
ही परीक्षा मी हळदीवर केली होती. आमच्याकडे हळदही अशीच पिवळी पडते, चुनखडीच्या पट्ट्यात. पाचव्या दिवशी अर्धं पान हिरवं, अर्धं पिवळं. शेजारी बघायला आले होते.

डाळिंबवाला
हे आधी कुणी सांगितलं असतं तर! मी तेल्याबद्दल एवढ्या लोकांना विचारलं, पण परीक्षा करून बघा असं एकानेही म्हटलं नाही.

रानवाटा
मुलगीच लिहितेय. बाबा म्हणतात चार दिवस थांबलो तर पीक जाईल का? शेजारचे काका आजच फवारणी करतायत.

पाटलीणबाई
बेटा, फुलं लागलीत का? ते सांग. आमच्याकडे याच वयात फुलं लागतात.

रानवाटा
एक-दोन झाडांवर दिसली. बाकी नाहीत.

काळी_माती
मग चार दिवस थांबा. आणि तेवढ्यात एक काम करा, जे फवारणीपेक्षा मोठं आहे. खाली जिथं पाणी अडतं तिथं कुदळीने चर खोदून नाल्याकडे वाट काढा. वाफसा आला की वरच्या भागात हलकी कोळपणी करा, म्हणजे मुळांना हवा मिळेल. पण फुलं लागलेल्या भागात कोळपं घालू नका, मुळं तुटली की फुलं गळतात. तुमच्याकडे थोडीच लागलीत, म्हणून आजउद्याच करायची तर करा, नाहीतर राहू द्या. जमीन सुकली की बऱ्याचदा पिवळेपणा आपोआपही कमी होतो. ती वाट बघणं म्हणजे काहीच न करणं नव्हे.

गच्चीबाग_ठाणे
मी सगळं वाचतेय. हिराकस म्हणजे दुकानात मिळणारा तो हिरवट खडा ना? तो कुंडीत घातला तर चालेल?

मातीपरीक्षण_हवं
हो, तोच. पण मातीत घालू नका. चुनखडीच्या मातीत टाकला तर तो तिथंच अडकतो, झाडाला मिळत नाही. शेतातही तेच, म्हणूनच पानावर फवारायचं. शेणखतात मुरवून दिला तर थोडा उपयोग होतो.

रानवाटा
आज ९ ऑगस्ट. मुलगी. चिंधी बांधलेल्या सहा पानांपैकी पाच पानं डावीकडे हिरवी झाली. एका पानावर काहीच झालं नाही, ते एकदम पांढरं पडलेलं होतं. बाबांना फोटो दाखवायची गरजच पडली नाही, ते स्वतःच शेतात नेऊन आईला दाखवत होते. आता तीन एकराला किती लागेल, कसं मारायचं?

काळी_माती
आता फवारा. प्रमाण तेच, अर्धा टक्का. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस. एकराला दहा-बारा पंप लागतील, म्हणजे साधारण पाऊण ते एक किलो. तीन एकरांना तीन किलो धरा. आधी बादलीत थोड्या पाण्यात नीट विरघळवून मगच पंपात ओता, नाहीतर नोझल अडतं.

बोअरचं पाणी असेल तर एक गोष्ट बघा. हिराकस टाकल्यावर पाणी गंजासारखं तांबूस झालं तर ते लोह झाडाला मिळणार नाही. त्यासाठी पंपाला १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल आधी पाण्यात टाका, मग हिराकस. तेही लगेच फवारायचं, बनवून ठेवायचं नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर मारा, दुपारी उन्हात पानं करपतात. यात कीटकनाशक मिसळू नका. आणि दुकानातल्या त्या चारही वस्तूंची सध्या गरज नाही. दहा-बारा दिवसांनी नवीन पान पुन्हा पिवळं निघालं तर एकदा परत.

जुनी पांढरी पडलेली पानं हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. नवीन निघणाऱ्या पानावर लक्ष ठेवा.

कृषीकेंद्र_चालक
हिराकस म्हटलं की काही जण औद्योगिक भरड माल घेऊन येतात, तो नीट विरघळत नाही. फवारणीसाठी खताच्या प्रतीचं फेरस सल्फेट मागा. चिलेटेड लोह मारलं तरी चालतं, पण महाग पडतं. बोअरचं पाणी खूप जड असेल तर तेव्हा मात्र चिलेटेडचा विचार करा.

तूर_आणि_कापूस
चालक भाऊंनी स्वतःच्या दुकानातली महाग वस्तू नाकारली! हे लिहून ठेवा.

वैनगंगा_काठची
बरं झालं दादांनी झाडं उपटली नाहीत. मी २०२३ च्या धसक्यात होते. आमच्याकडचं वेगळं होतं, पण पिवळं दिसलं की आता तेच आठवतं.

रानवाटा
१८ ऑगस्ट. मुलगी. वरचं एक एकर आणि मधला भाग सुधारला. नवीन पानं हिरवी निघतायत, बाबा म्हणतात दुसऱ्या फवारणीची गरज वाटत नाही. खर्च मजुरी धरून नऊशेच्या आत झाला. पण नाल्याकडचे चार-पाच गुंठे सुधारले नाहीत. तिथली झाडं एक-एक करून वाळायला लागली. तिथं लोह मारलं तरी काही झालं नाही.

शेतकरी_पुत्र
तिथं बुरशीनाशकाची आळवणी करा, मूळकुज आहे. एवढं तर मलाही कळतं.

मातीपरीक्षण_हवं
मूळकुज असू शकते, पण पाण्याने गुदमरून मेलेली मुळंही तशीच दिसतात. पाणी साचलेल्या भागात दोन्ही एकत्रही असतं. आळवणीचे पैसे वाया जाऊ शकतात.

शेतकरी_पुत्र
चार गुंठ्यांचा खर्च किती येतो? करून बघायला काय हरकत आहे?

मातीपरीक्षण_हवं
हरकत नाही, पण मग कशाने बरं झालं किंवा का नाही झालं ते कळणार नाही. पुढच्या वर्षी तिथं पुन्हा तेच.

काळी_माती
दोघांचंही थोडं-थोडं बरोबर आहे आणि मी इथं बसून यातलं निवडू शकत नाही. बेटा, त्या भागातली अर्धवट वाळलेली दोन झाडं आणि एक चांगलं झाड काढ. पूर्ण मेलेलं नको, त्यावर नंतर आलेल्या बुरश्या दिसतात. मुळाची साल बोटाने ओढून बघ, मोज्यासारखी निघून येते का? बुडाशी खोड चिरून आत काळे बारीक ठिपके भुकटीसारखे दिसतात का तेही बघ. मग तिन्ही झाडं बुडाच्या मातीसकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ने. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घामेजून कुजतात. तारीख, पीक, किती दिवसांचं, काय-काय मारलं, हे कागदावर लिहून सोबत ठेव. जाणं जमलं नाही तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा. तेही आधी हेच विचारतील.

पाटलीणबाई
आणि पुढच्या वर्षी त्या खालच्या भागात रुंद वरंबा-सरीवर पेरा. आमच्याकडे बीबीएफने पेरलेल्या रानात यंदा पाणी सरीतून निघून गेलं, सपाट पेरलेल्या दोन काकऱ्या मात्र पिवळ्या आहेत. एकाच शेतात.

रानवाटा
बाबांनीच सांगितलेलं लिहितेय. सोमवारी परभणीला बाजारात जायचंच आहे, तेव्हा झाडं नेतो म्हणाले. आत्ताच दोन उपटून बघितली. एकाची साल निघून आली, दुसऱ्याची नाही.